काकांची भेट, पुतण्याची भेट

काकांनी पुतण्याला घरासाठी 3 लाख रुपये भेट दिले, तर पुतण्याला त्यावर आयकर नाही. काही वर्षांनी पुतण्याने तेवढेच पैसे काकांना भेट दिले, तर मात्र ते काकांचे उत्पन्न ठरते. कारण कायदा घेणाऱ्याच्या बाजूने नाते मोजतो. आईवडिलांची भावंडे त्याच्या यादीत आहेत, भावंडांची मुले नाहीत. चुलत, मामे, आते, मावस भावंडेही कायद्याच्या लेखी परकीच!

अशा परक्यांकडून आणि मित्रांकडून वर्षभरात मिळालेल्या एकूण 50,000 रुपयांपर्यंतच्या रकमेवर कर नाही. मित्राने 60,000 दिले, तर वरच्या 10,000 वर नव्हे, पूर्ण 60,000 वर कर लागतो. घेणाऱ्याच्या स्वतःच्या लग्नातला आहेर यातून सुटतो. वाढदिवसाचा किंवा वास्तुशांतीचा नाही.

कंपनीने दिवाळीला दिलेली रोख रक्कम मात्र पगारातच धरली जाते.

चौकशी झाली, तर नाते आणि देणाऱ्याची ऐपत दोन्ही दाखवावी लागतात. म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्यावी. देणाऱ्याच्या सहीचे भेटपत्र, त्याचा पॅन, दोघांचे बँक उतारे आणि नात्याचा पुरावा एकाच फाइलमध्ये ठेवावा. भेटपत्र त्याच वेळी करावे; नोटीस आल्यावर केलेल्या कागदावर अधिकारी सहसा विश्वास ठेवत नाहीत.