त्रिकोणमितीचे उत्तर पडताळताना : पालकांसाठी तीन कसोट्या

सुट्टीत घरी आलेला मुलगा वा मुलगी दहावीच्या गणिताची वही पुढे करते आणि त्यात साइन, कोसाइन, टॅन हे शब्द दिसताच अनेक पालक वही मिटून परत देतात. स्वतःचे शिक्षण सातवी-आठवीपाशी थांबले असेल, तर हा संकोच स्वाभाविकच होय. परंतु उदाहरण सोडविणे आणि आलेले उत्तर संभवनीय आहे की नाही हे पाहणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी सूत्रे पाठ असावी लागत नाहीत. तीन साध्या कसोट्या पुरतात.

पहिली कसोटी कर्णाची. काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, आणि तो तिन्ही बाजूंत सर्वांत मोठा असतो. भिंतीला टेकवलेली शिडी आठवावी : शिडी हा कर्ण. भिंतीवर ती जेथे टेकते ती उंची शिडीच्या लांबीहून अधिक कशी असेल? साइन आणि कोसाइन म्हणजे एकेका लहान बाजूला कर्णाने भागून आलेली संख्या. म्हणून ती १ पेक्षा मोठी कधीच येत नाही. समजा, लघुकोनाचा साइन ५/१३ दिला आहे आणि वहीत कोसाइन १३/१२ असे लिहिले आहे. वरचा आकडा खालच्याहून मोठा दिसताच तेथे खूण करावी. येथे बाजू ५ व १२ आणि कर्ण १३ आहे. म्हणून कोसाइन १२/१३ हवा, मुलाने अपूर्णांक उलटा लिहिला. टॅनला मात्र हा नियम लावू नये. त्यात कर्ण येतच नाही, त्यामुळे तो १ पेक्षा मोठा असू शकतो.

दुसरी कसोटी ४५ अंशांची. झाडापासून काही अंतरावर उभे राहून शेंड्याकडे पाहिले, तर दृष्टिरेषा आणि आडवी रेषा यांमधील कोनास उन्नत कोन म्हणतात. हा कोन नेमका ४५ अंश असेल, तर उंची आणि अंतर समान असतात. कोन त्याहून मोठा असेल तर उंची अंतरापेक्षा जास्त, लहान असेल तर कमी.

एक उदाहरण घेऊ. एका इमारतीच्या पायथ्यापासून ३० मीटर अंतरावरून तिच्या माथ्याचा उन्नत कोन ६० अंश दिसतो. इमारतीची उंची किती? मुलाने उत्तर लिहिले १७.३ मीटर. कोन ४५ अंशांहून मोठा आहे, म्हणजे उंची ३० मीटरपेक्षा अधिकच असावयास हवी. तेव्हा उत्तर चुकले, हे पेन न उचलताच कळते. चूक कोठे झाली? ३० ला १.७३ ने गुणावयाचे होते, मुलाने भागले. खरे उत्तर ५१.९ मीटर. ६० अंशांच्या टॅनऐवजी ३० अंशांचा टॅन घेतल्यामुळेही हेच चुकीचे उत्तर येते, आणि ही गल्लत मुलांच्या वह्यांत नेहमी आढळते.

परंतु मुलाने गुणाकारात आकडे उलटे करून ५९.१ लिहिले असते, तर? ते ३० पेक्षा जास्तच आहे; दुसरी कसोटी येथे गप्प बसते. अशा वेळी तिसरी कसोटी, म्हणजे आकृतीची. पट्टी आणि कोनमापक घ्यावे. १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर असे प्रमाण धरून ६ सेंटिमीटरची आडवी रेषा काढावी. तिच्या एका टोकाशी ६० अंशांचा कोन करून तिरपी रेषा ओढावी आणि दुसऱ्या टोकातून काटकोनात उभी रेषा वर न्यावी. दोन्ही रेषा मिळतात तेथपर्यंतची उभी रेषा मोजली तर ती सुमारे १०.४ सेंटिमीटर भरते. म्हणजे सुमारे ५२ मीटर. मोजण्यात एखाद्या मिलिमीटरची चूक झाली, तर अर्ध्या मीटरचा फरक पडेल. ५१.९ या मर्यादेत बसते, ५९.१ बसत नाही, कारण त्यासाठी उभी रेषा जवळजवळ १२ सेंटिमीटर भरावी लागली असती.

आकृती काढण्यापूर्वी प्रश्न मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. पाहणाऱ्याचे डोळे जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर आहेत असे प्रश्नात दिले असेल, तर तेवढे अंतर शेवटी मिळवावे लागते. मिळविले नाही, तर ५३.४ ऐवजी ५१.९ हेच उत्तर राहते आणि पहिल्या दोन्ही कसोट्यांना त्यात काही वावगे दिसत नाही.

या कसोट्या उत्तर चूक असल्याचे सांगतात. ते अचूक असल्याची हमी देत नाहीत. मांडणी आणि सिद्धता तपासण्याचे काम शिक्षकांचेच. पालकांनी खूण केलेल्या जागी बोट ठेवून एवढेच विचारावे : “कोन ६० अंशांचा, मग उंची अंतराहून कमी कशी?” उत्तर शोधताना मूल आपली चूक बहुधा स्वतःच दुरुस्त करते.