लाल रक्त, तरीही प्राणवायूची उपासमार

प्राणवायूच्या न्यूनतेस हायपॉक्सिया म्हणतात. तिचे चार प्रकार पाठ असूनही प्रत्यक्ष प्रसंगी ते ओळखणे कठीण जाते, असे आम्हांस वाटते. जुन्या विहिरीत उतरलेला मनुष्य गुदमरतो, तेव्हा श्वासावाटे येणारा प्राणवायूच अपुरा असतो. हा हायपॉक्सिक प्रकार होय. हृदयाचा जोर मंदावून रक्तच रेंगाळले, तर तो स्टॅग्नंट. या दोहोंत नीलवर्ण दिसू शकतो. उरलेल्या दोन प्रकारांचा भेद मात्र जानेफळच्या शिवारातील एकाच पिकावरून नीट उमगतो. ते पीक म्हणजे कोवळी ज्वारी.

पावसाने ताण दिलेल्या अथवा कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. जनावराने ती चघळताच त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. हे विष पेशीतील सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर बंद पाडते. रक्त प्राणवायू आणून देते, पण पेशीस तो वापरता येत नाही. म्हणून शिरेतील रक्तही चेरीसारखे लाल राहते. हा हिस्टोटॉक्सिक प्रकार. जनावराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे २ मिलिग्रॅम ही मात्रा घातक ठरू शकते. ३०० किलोंच्या गाईस ६०० मिलिग्रॅम पुरे. एक किलो हिरव्या चाऱ्यात २०० मिलिग्रॅम विष असेल, तर अवघा तीन किलो चारा झाला. लक्षणे काही मिनिटांतच दिसतात: धाप, लाळ, थरथर, कोसळणे.

त्याच ताणलेल्या ज्वारीत नायट्रेटही साचते. पोटात त्याचे नायट्राइट होऊन हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन बनते आणि ते प्राणवायू वाहू शकत नाही. पांडुरोगात रक्तकण उणे असतात. येथे ते असूनही निकामी होतात. म्हणून हा ॲनिमिक प्रकार. रक्त चॉकलेटी, काळपट दिसते.

हा रंगभेद उपचारास निर्णायक आहे. सायनाइडवर पशुवैद्य सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. नायट्राइट मुद्दाम थोडे मेटहिमोग्लोबिन बनवते, ते सायनाइडला बांधून धरते आणि थायोसल्फेट त्याचे निरुपद्रवी थायोसायनेट करते. हेच नायट्राइट नायट्रेटच्या विषबाधेत दिले, तर आगीत तेल ओतल्यासारखे होईल. तेथे मेथिलीन ब्लू लागते. मात्र रक्त ताजे असतानाच पाहावे. मृत्यूनंतर वेळ गेला की लाल रक्तही काळवंडते व फसवते.

मनुष्याच्या बोटास लावलेला ऑक्सिमीटरही असाच फसवतो. सायनाइडमध्ये व पांडुरोगात त्यावरील आकडा उत्तम दिसू शकतो, कारण यंत्र रक्तकणांवरील प्राणवायूचे प्रमाण मोजते. रक्तकण किती आहेत आणि पेशी तो प्राणवायू वापरते की नाही, हे त्यास कळत नाही.

चारा वाळवल्यास सायनाइड बरेच उडून जाते, नायट्रेट मात्र तसेच राहते. म्हणून ताणातील ज्वारी फुलोऱ्यापूर्वी ओली चारू नये आणि वाळवलेल्या कडब्यासही निर्धोक समजू नये.