रजेवर असताना जाणारं उत्तर

मे महिन्यातली सकाळ, आठ वाजून गेलेले. एका कॉन्ट्रॅक्टरने आमच्या साहेबांना मेल टाकला. पाचव्या मजल्याच्या स्लॅबचं स्टील बांधून तयार होतं, आरएमसीच्या गाड्या अकराच्या बुक होत्या आणि काँक्रीट भरण्याआधी इंजिनियरने येऊन स्टील तपासायचं तेवढं राहिलं होतं. मिनिटभरात त्याला उत्तर गेलं: ‘मी सध्या रजेवर आहे. परत आल्यावर आपल्याशी संपर्क साधेन.’

साहेब कोकणात गावी होते, फोनला रेंज नव्हती. पण ऑफिसातले दुसरे इंजिनियर त्या वेळी टेबलाशीच बसले होते. साइट तिथून अर्ध्या तासावर. त्यांना एक फोन आला असता तर ते साडेनऊला स्लॅबवर उभे असते. कॉन्ट्रॅक्टरला त्यांचा नंबर कोणी दिलाच नव्हता. त्याने दहापर्यंत वाट पाहिली आणि गाड्या रद्द केल्या. प्लँटवर गाडी भरली की साधारण दोन तासांत काँक्रीट ओतावं लागतं, गाड्या रस्त्यात थांबवून ठेवता येत नाहीत. पंपाचं भाडं गेलं आणि बारा माणसांचा रोज गेला. साहेबांच्या नावाने गेलेलं ते उत्तर मी टाइप केलं होतं. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या ऑफिसचा कारभार मी सांभाळते, मेल आणि वेळापत्रक माझ्याकडे असतं. त्या दिवसापासून या दोन-चार ओळींकडे मी कामाचा कागद म्हणून बघते.

ते उत्तर खोटं नव्हतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच करता येत नव्हतं. मेल पाठवणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात. हा माणूस कधी भेटेल, तोवर थांबता येत नसेल तर कोणाला गाठायचं, आणि थांबता येत असेल तर पुढची वेळ आत्ताच कशी धरून ठेवायची.

तारखेपासून सुरुवात करू, कारण ती सोपी वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. ‘२० तारखेपर्यंत रजेवर’ याचा अर्थ काय? निम्मे लोक समजतात की २० ला माणूस ऑफिसात असेल. उरलेले समजतात, २१ ला. म्हणून मी ‘पर्यंत’ हा शब्दच टाळते आणि कामावर येण्याचा दिवस वारासकट लिहिते: ‘बुधवार, २० मे २०२६ रोजी सकाळी १० वाजता ऑफिसात येईन.’ वार लिहिला की तारखेची चूकही लगेच डोळ्यांत भरते. महिना अक्षरात लिहायचा. परदेशातल्या माणसाशी पत्रव्यवहार असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण ०५/०६ हे आपण ५ जून वाचतो आणि अमेरिकेतला माणूस ६ मे वाचतो. ‘पुढच्या आठवड्यात’ असं तर लिहूच नये. मेल शनिवारी वाचला की सोमवारी, यावर तो आठवडा बदलतो.

तातडीचा संपर्क हा या उत्तराचा कणा. नुसतं ‘तातडीचं असल्यास या नंबरवर फोन करा’ असं लिहिलं तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे. प्रत्येकाला आपलं काम तातडीचंच वाटतं. बिलाची चौकशी, कोटेशन, जुन्या ड्रॉइंगची पीडीएफ असे सगळे फोन सहकाऱ्याकडे गेले आणि दोन दिवसांनी त्यांनी अनोळखी नंबर उचलणं बंद केलं. मग खरोखर अडलेल्याचा फोनही वाजून थांबला. त्यावरचा उपाय म्हणजे तातडीचं काय ते नाव घेऊन लिहायचं. आमच्या धंद्यात अशा तीनच गोष्टी आहेत: स्लॅब भरण्याआधीचं स्टील चेकिंग, सेंटरिंग उघडल्यावर दिसलेली भेग, आणि उभ्या इमारतीत कोणी कॉलम किंवा बीम फोडायला घेतला असेल तर. बाकी सगळं दहा दिवस थांबू शकतं. औषधांच्या वितरकाची यादी वेगळी असेल, वकिलाची वेगळी. पण यादी लहान हवी आणि ती त्या कामातल्या शब्दांत हवी.

ज्यांचं नाव देतो त्यांना आधी विचारायला हवं. त्या दिवसांत ते स्वतः हजर आहेत ना, त्यांच्याकडे फाइली आहेत ना, निर्णय घ्यायचा अधिकार आहे ना. दोन सहकाऱ्यांनी एकमेकांची नावं देऊन एकाच आठवड्यात रजा घेतली, की पाठवणारा दोन उत्तरांच्या मध्ये फिरत राहतो. फोनवर काय सांगायचं तेही लिहावं. आम्ही प्रोजेक्ट नंबर मागतो, कारण तो सांगितला की ड्रॉइंग दोन मिनिटांत उघडतं.

आता मशीन काय करतं ते. जीमेलमध्ये ही सोय `Settings`मध्ये `Vacation responder` या नावाने आहे. तिथे पहिला आणि शेवटचा दिवस भरायचा. उत्तरं पहिल्या दिवशी रात्री बारापासून जायला लागतात आणि शेवटच्या दिवशी रात्री ११:५९ ला थांबतात. म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत काम करून निघायचं असेल, तर पहिला दिवस शनिवार टाकावा, नाहीतर शुक्रवारी सकाळपासूनच लोकांना आपण गेलो असं कळतं. शेवटच्या दिवसाची जागा रिकामी सोडली तर हाताने बंद करेपर्यंत ते उत्तर जातच राहतं. आउटलुकमध्ये याला `Automatic Replies` म्हणतात आणि तिथे तारखेबरोबर वेळही देता येते.

बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की हे उत्तर प्रत्येक मेलला जात नाही. जीमेल एका माणसाला एकदा उत्तर देतं, आणि त्याच माणसाने चार दिवसांनंतर पुन्हा लिहिलं तरच दुसऱ्यांदा देतं. ऑफिसच्या आउटलुकमध्ये तर सुविधा चालू आहे तोवर एकाला एकच उत्तर जातं. ही काटकसर मुद्दाम ठेवलेली आहे. दोन माणसं एकाच वेळी रजेवर असली आणि प्रत्येक मेलला उत्तर जात असतं, तर एकाचं उत्तर दुसऱ्याला, दुसऱ्याचं पहिल्याला, असा मेलचा पूर लोटला असता. म्हणून २००४ मध्ये आरएफसी ३८३४ या दस्तऐवजात यासाठीच्या शिफारशी मांडल्या गेल्या. आपोआप जाणाऱ्या उत्तराच्या न दिसणाऱ्या भागात ही खूण असावी, अशी त्यातली एक शिफारस आहे:

```
Auto-Submitted: auto-replied
```

ही खूण दिसली की पलीकडच्या मशीनने गप्प राहायचं. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की सांगायचं ते पहिल्याच उत्तरात पूर्ण सांगायला हवं. सोमवारी बिलाबद्दल लिहिणाऱ्याने मंगळवारी भेगेबद्दल लिहिलं, तर मंगळवारी त्याला काहीच जाणार नाही. त्याच्याकडे सोमवारचा कागद असेल तेवढाच.

हे उत्तर मशीनने पाठवलं आहे, हे वाचणाऱ्याला कळेल अशा भाषेतही ते हवं. वेल्समधल्या स्वान्सी इथला २००८ चा प्रसंग प्रसिद्ध आहे. तिथे रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत लावतात. अवजड वाहनांना प्रवेश नाही, या पाटीचा मजकूर नगरपालिकेने भाषांतरासाठी मेलने पाठवला. उत्तरात वेल्शमधल्या दोन ओळी आल्या, त्या तशाच पाटीवर छापल्या आणि पाटी रस्त्यावर उभी राहिली. वेल्श जाणणाऱ्यांनी वाचलं तेव्हा कळलं की त्यात लिहिलं होतं: मी सध्या ऑफिसात नाही, भाषांतराचं काही काम असेल तर पाठवा. मागणाऱ्याला वेल्श येत नव्हतं, म्हणून तर त्याने भाषांतर मागितलं होतं. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर मराठी वाचतात, स्टीलचे पुरवठादार हिंदी-इंग्रजी. म्हणून आम्ही वर मराठी आणि खाली इंग्रजी लिहितो, आणि पहिल्याच ओळीत ‘हे आपोआप जाणारं उत्तर आहे’ असं म्हणतो.

राहिली पुढची वेळ. गूगल कॅलेंडरमध्ये भेटीच्या वेळांचं पान तयार करून त्याची लिंक उत्तरात देता येते, समोरचा माणूस मोकळी वेळ निवडतो आणि ती आपल्या कॅलेंडरमध्ये बसते. यात एक खोच आहे. दिवसभराची नोंद करून तिला ‘रजा’ असं नाव दिलं, तरी कॅलेंडर तिला मुळात `Free` धरतं. मग रजेच्या दिवसांतल्या वेळाही लोकांना मोकळ्या दिसतात आणि ते त्या घेतात. म्हणून रजेची नोंद `Out of office` या प्रकारची करावी किंवा तिच्यावर `Busy` लावावं. परतल्याचा पहिला दिवसही मी बंद ठेवते. त्या दिवशी साचलेले मेल वाचून व्हायचे असतात, ते न वाचता भेटायला बसलं तर समोरच्याला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते.

लिंक न उघडणारेही खूप आहेत, अनोळखी लिंक न उघडण्याची त्यांची सवय योग्यच आहे. त्यांच्यासाठी ऑफिसचा फोन आणि त्याची वेळ द्यायची. यंदा आमचं मराठी उत्तर असं होतं:

‘हे आपोआप जाणारं उत्तर आहे. मी ९ ते १९ मे रजेवर आहे, बुधवार, २० मे २०२६ रोजी सकाळी १० वाजता ऑफिसात येईन. स्लॅबआधीचं स्टील चेकिंग, सेंटरिंग उघडल्यावर दिसलेली भेग किंवा कॉलम-बीमची तोडफोड यासाठी (सहकाऱ्यांचं नाव, मोबाइल) यांना सकाळी ८ ते संध्याकाळी ७ मध्ये फोन करा, प्रोजेक्ट नंबर जवळ ठेवा. चेकिंगसाठी शक्यतो आदल्या दिवशी कळवा. इतर कामासाठी २१ मेपासून ११ ते १ मधली वीस मिनिटांची वेळ या लिंकवर घ्या, किंवा ऑफिसच्या फोनवर ११ ते १ मध्ये सांगा, आम्ही नोंदवून घेऊ.’

कुठे गेलो, घरी कोण आहे, हे त्यात नाही. आपोआप जाणारं उत्तर अनोळखी माणसाच्याही हाती पडतं, घर बंद असल्याचं त्याला कळायचं कारण नाही. आउटलुकमध्ये ऑफिसातल्यांना आणि बाहेरच्यांना वेगवेगळा मजकूर पाठवता येतो, ती सोय असेल तर सहकाऱ्याचं एक्स्टेंशन आणि फाइलींची जागा आतल्या मजकुरात टाकावी.

९ मेच्या सकाळी, उत्तरं सुरू झाल्यावर, मी माझ्या घरच्या पत्त्यावरून साहेबांना मेल टाकला आणि आलेलं उत्तर मोबाइलवर उघडलं. मोबाइल नंबरातला एक आकडा गळला होता, नऊच आकडे होते. तो दुरुस्त केला आणि नंबरावर बोट ठेवून फोन लावून पाहिला. दुसऱ्या रिंगला सहकाऱ्यांनी उचलला.