शुक्रवारची पाच पानं

सकाळी 7:00

शुक्रवार म्हणजे फोनचा दिवस. हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच: हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रत्येक तालुक्यात एक माणूस आहे. मी ऑफिसात बसून पाचही जणांना फोन लावते आणि प्रत्येकाचा गोषवारा एका पानावर उतरवते. ऑगस्ट चालू आहे, त्यामुळे बोलणं हळदीच्या कंदकुजीवर आणि सोयाबीनवर.

फोन लावण्याआधी पाच कोरे नमुने काढते आणि गेल्या शुक्रवारच्या पानावरचा ‘पुढचं काम’ हा रकाना नव्या पानावर ‘मागचं काम’ म्हणून हातानं उतरवून घेते. ही दहा मिनिटं वाचवली की आठवड्याचा धागा तुटतो. काम ठरलेलं असतं, पण पुढच्या शुक्रवारी त्याचं नावही निघत नाही.

8:15

सेनगाव. भाऊंचं बोलणं पाऊस, खत, मेव्हण्याचं लग्न असं हिंडत जातं. मी मध्ये तोडत नाही. नमुना माझ्यासमोर असतो, त्यांच्यासमोर नाही. रकान्यांच्या क्रमानं प्रश्न विचारले की माणूस हो-नाहीवर येतो आणि खरी बातमी आत राहते. त्यांना बोलू द्यायचं, आणि शेवटच्या तीन मिनिटांत जे रकाने रिकामे राहिले तेवढेच विचारायचे.

‘चर काढायचं काम झालं का भाऊ?’

‘राहिलंय बघा ताई. जेसीबीवाला आज येतो, उद्या येतो करायलाय.’

मागचं काम: बाकी. दुसऱ्यांदा.

9:10

कळमनुरी.

‘कसं काय दादा, कंदकूज?’

‘हाय थोडी थोडी. मागच्या वेळेसारखंच हाय.’

याच ‘थोडी थोडी’नं गेल्या वर्षी आमचा घात केला. तेव्हा मी सलग परिच्छेद लिहायची. वाचायला छान होते. तीन शुक्रवार कळमनुरीपुढे ‘थोड्या प्रमाणात कंदकूज’ असं लिहिलेलं आहे आणि चौथ्या शुक्रवारी ‘बरंच नुकसान’. मधल्या तीन आठवड्यांत रोग वाढत होता की थांबला होता, हे त्या कागदांवरून आज कुणालाही सांगता येणार नाही. शब्द तेच राहिले, शेत बदलत गेलं.

म्हणून आता विचारते, ‘किती प्लॉट पाहिले?’

‘सहाच. कयाधूला पाणी हाय, पलीकडं जाताच आलं नाही.’

‘कोणते सहा?’

‘एक ते सहा.’

‘लागण कशात?’

‘दोन, चार आन् पाच.’

‘ओढून पाहिलं का?’

‘हाव. बुंध्यापाशी मऊ पडलंय, ओढलं की हातात येतंय.’

हा ओढण्याचा प्रश्न नमुन्याच्या मागच्या बाजूला छापलेला आहे. सुरुवातीला औंढ्याचे काका पिवळं पान दिसलं की लागण धरायचे, आणि वसमतचे दादा खोड कुजल्याशिवाय धरायचे नाहीत. रकाना एकच, पण दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. पान तर नुसतं पाणी साचलं तरी पिवळं पडतं. म्हणून ठरवलं: बुंधा मऊ आणि ओढल्यावर खोड निघून येतं, तीच लागण. रकान्याला नाव दिलं म्हणजे काम झालं असं नाही, त्यात काय धरायचं हेही ठरवावं लागतं.

11:00

प्रत्येक फोन ठेवल्या ठेवल्या पान भरते. पाचही फोन संपल्यावर एकदम भरलं तर औंढ्याचा पाऊस वसमतला पडतो. कळमनुरीचं पान असं झालं:

पाहिलेले प्लॉट: 10 पैकी 6 (क्र. 1 ते 6)
लागण: 3 (क्र. 2, 4, 5)
पाहिलं की ऐकलं: पाहिलं
सोयाबीन, अळी: विचारलं नाही
मागचं काम: झालं
पुढचं काम: क्र. 4 मध्ये चर. पाणी उतरलं की 7 ते 10 पाहणे
इतर: काही नाही

‘विचारलं नाही’ हे लिहायला जीवावर येतं, कारण चूक माझी. पण तिथे रेघ मारली किंवा जागा कोरी सोडली तर वाचणारा ‘अळी नाही’ असं समजतो. म्हणून आमच्याकडे कोरा रकाना चालत नाही. 0, ‘माहीत नाही’ किंवा ‘विचारलं नाही’, यांपैकी एक लिहायचंच.

दुपारी 1:00

डबा. दहा ठरलेल्या प्लॉटची कल्पना आमची नाही. सोयाबीनवर अळीचा मोठा उद्रेक झाल्यानंतर राज्याच्या कृषी विभागानं 2009 मध्ये क्रॉपसॅप सुरू केला. त्यात निश्चित प्लॉटची आणि फिरती अशा दोन्ही पाहण्या असतात, आणि सोयाबीनवरच्या अळ्या मीटरभर ओळीत किती ते मोजून लिहितात. आम्ही तोच विचार पाच फोनांपुरता लहान केला.

2:30

आता पाचही पानं गेल्या शुक्रवारच्या पानांशेजारी ठेवायची. नमुन्याची खरी परीक्षा इथे होते.

कळमनुरी, गेला शुक्रवार: 10 पाहिले, लागण 3 (क्र. 2, 5, 9). हा शुक्रवार: 6 पाहिले, लागण 3. नुसता लागणीचा आकडा वाचला तर तीनास तीन, दादा म्हणाले तसं ‘मागच्यासारखंच’. टक्के काढले तर 30 वरून 50, म्हणजे घबराट. दोन्ही चूक. तुलना करायची तर दोन्ही वेळा पाहिलेल्या त्याच सहा प्लॉटची. त्यात गेल्या वेळी 2 होते, आता 3. क्र. 4 नवा. नवव्याला आज कुणी गेलेलं नाही, पण कुजलेला कंद आठवड्यात बरा होत नाही, म्हणून दहांत किमान 4 धरायला हरकत नाही. उरलेल्या 7, 8 आणि 10 चं आज काहीच म्हणता येत नाही.

प्लॉटचे क्रमांक लिहिलेले नसते तर यातलं एकही वाक्य लिहिता आलं नसतं.

4:00

साहेब नमुना पाहून म्हणाले, ‘एक लाल-पिवळा-हिरवा रकाना टाका, पटकन कळेल.’ मी म्हटलं, रंग कोण ठरवणार? सेनगावच्या भाऊंचा पिवळा आणि वसमतच्या दादांचा पिवळा एक असणार नाही. म्हणजे ‘थोडी थोडी’च परत आली, रंग लावून. साहेबांना फारसं पटलं नाही, पण रंग तूर्त टळला.

एक रकाना मात्र आज वाढला. सोयाबीनचा पिवळा मोझॅक लागोपाठ तीन शुक्रवार ‘इतर’मध्ये येतोय. ‘इतर’ दोनच ओळींचं आहे, आणि तिथे एखादी गोष्ट तिसऱ्यांदा आली की तिला स्वतःचा रकाना द्यायचा, हा आमचा नियम. तो शेवटी जोडला, मध्ये घुसवला नाही, म्हणजे जुनी पानं शेजारी ठेवली तरी ओळीला ओळ लागते. जुन्या पानांवर त्या जागी शून्य लिहायचं नाही. तेव्हा आपण विचारतच नव्हतो.

5:30

पानं पाचही जणांना परत पाठवली. आपलं म्हणणं बरोबर उतरलंय का हे ज्याचं त्यानं पाहायचं. औंढ्याच्या काकांनी एक दुरुस्ती कळवली: पाहिलेले प्लॉट 9 नाहीत, 8 आहेत, नववा शेजाऱ्यानं सांगितलेला. तो काढला. कळमनुरीच्या दादांचा निरोप आला की पाणी उतरलं तर सोमवारी पलीकडे जाईन, आधी नऊ नंबर बघतो.