कार्डिओग्राम क्रमाने कसा वाचावा?

हृदयाची तपासणी झाली की गुलाबी चौकटींचा एक कागद हाती येतो. त्यावरील वेड्यावाकड्या रेघांना आपण कार्डिओग्राम किंवा ईसीजी म्हणतो. परिचर्येचे शिक्षण घेणारी मुले-मुली व खेड्यांतील दवाखान्यांत काम करणारे साहाय्यक यांना हा कागद रोज हाताळावा लागतो, पण तो वाचावयाचा कसा हे पुष्कळदा कोणी बसून सांगत नाही. म्हणून या अंकात आम्ही त्याची पहिली पायरी मांडीत आहोत. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहील. मात्र डॉक्टरांना तातडीने केव्हा उठवावे, हे ज्याला कागद वाचता येतो त्याला लवकर कळते.

नवशिक्याची चूक बहुधा एकच असते. डोळ्यांना जे पहिल्याने खटकते तेथे तो थांबतो आणि उरलेला कागद पाहावयाचा राहून जातो. यावर उपाय म्हणजे ठरलेला क्रम: गती, ताल, अक्ष, अंतरे आणि मग लहरी. पहिल्याच पायरीवर दोष सापडला तरी पाचवी पायरी सोडावयाची नाही.

आरंभी कागदाची ओळख करून घेऊ. त्यावर लहान चौकोन आहेत आणि पाच लहान चौकोनांचा एक मोठा चौकोन जाड रेघेने आखलेला आहे. यंत्राचा कागद नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर सरकत असेल, तर आडवा एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा व एक मोठा चौकोन ०.२० सेकंदाचा होतो. पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद. हा वेग कागदाच्या कडेला छापलेला असतो व तो आधी पाहावा. कोणी वेग दुप्पट ठेवला असेल, तर पुढचे सारे हिशेब चुकतील.

आता रेघेची ओळख. प्रत्येक ठोक्यात प्रथम एक लहानसा उंचवटा येतो. तो पी, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत पसरणारा विजेचा प्रवाह. त्यानंतर उंच टोकदार सुळका येतो. तो क्यूआरएस, खालच्या मोठ्या कप्प्यांचा. शेवटी येणारा गोलसर उंचवटा म्हणजे टी. त्या वेळी खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्वस्थितीला येत असतात. ही अक्षरे हॉलंडमधील लायडनचे प्राध्यापक विल्लेम आइंथोवेन यांनी दिली. त्यांना १९२४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांची अक्षरे आजही तशीच चालू आहेत.

कागदावर अशा बारा पट्ट्या असतात. त्यांना लीड म्हणतात. हृदय तेच, पण एकाच घराकडे बारा खिडक्यांतून पाहावे तसे हे आहे. लीड दोन, तीन व एव्हीएफ या खिडक्या हृदयाचा खालचा भाग पाहतात. लीड एक व एव्हीएल डावीकडून पाहतात. व्ही-१ ते व्ही-४ समोरून पाहतात, तर व्ही-५ व व्ही-६ पुन्हा डाव्या कडेने. एवढे ध्यानात राहिले तरी आरंभाला पुरे.

आता एक उदाहरण घेऊन पायऱ्या चढू. समजा, ५८ वर्षांचा एक शेतकरी सकाळी दवाखान्यात आला आहे. छातीत दुखत नाही असे तो म्हणतो. पोटाच्या वरच्या भागात दडपल्यासारखे होते, दोनदा ओकारी झाली आणि अंगाला घाम सुटला आहे. घरच्यांना वाटते की पित्त झाले. त्याचा कार्डिओग्राम काढला आहे.

पहिली पायरी गतीची. एका सुळक्यापासून दुसऱ्या सुळक्यापर्यंत किती मोठे चौकोन आहेत ते मोजावे व ३०० ला त्या संख्येने भागावे. येथे सहा चौकोन आहेत. ३०० ÷ ६ = ५०, म्हणजे मिनिटाला ५० ठोके. ठोके अनियमित असतील तर ही रीत फसवते. अशा वेळी खालच्या लांब पट्टीवरील सर्व सुळके मोजून सहाने गुणावे, कारण ती पट्टी बहुधा १० सेकंदांची असते. विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाची गती साधारण ६० ते १०० असते. पन्नास हा आकडा पाहून, कष्टाळू माणसाचे हृदय संथच चालावयाचे, असे म्हणून कागद मिटण्याचा मोह येथे होतो. कष्टकऱ्यांचे व खेळाडूंचे ठोके संथ असतात हे खरेही आहे. पण अजून चार पायऱ्या बाकी आहेत.

दुसरी पायरी तालाची. एका कोऱ्या कागदाची कड सुळक्यांवर ठेवून दोन टोकांशी पेन्सिलीने खुणा कराव्या व ती कड पुढे सरकवावी. खुणा प्रत्येक वेळी सुळक्यांवर बरोबर बसल्या तर ताल नियमित. मग दोन प्रश्न विचारावे: प्रत्येक सुळक्याआधी पी आहे काय? आणि प्रत्येक पी नंतर सुळका येतो काय? पी कोठेच नसून सुळके वेडेवाकडे पडत असतील, तर वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत आहेत असा संशय घ्यावा. आमच्या उदाहरणात खुणा बरोबर बसतात आणि प्रत्येक पी ला त्याचा सुळका आहे. ठोका योग्य ठिकाणाहून निघतो आहे, फक्त सावकाश.

तिसरी पायरी अक्षाची. विजेचा प्रवाह एकंदरीत कोणत्या दिशेने जातो ते म्हणजे अक्ष. निरोगी माणसात तो डावीकडे व खाली जातो. लीड एक व लीड दोन या दोहोंत सुळका वर असेल, तर अक्ष ठीक समजावा. एकमध्ये वर व दोनमध्ये खाली असेल तर तो डावीकडे कलला आहे. एकमध्ये खाली व एव्हीएफमध्ये वर असेल तर उजवीकडे. या पायरीचा आणखी एक उपयोग आहे. लीड एकमध्ये सुळका, पी व टी तिन्ही उलटे दिसले, तर रोगाचा विचार करण्याआधी तारा पाहाव्या. घाईत उजव्या हाताची तार डाव्या हाताला लागली की कागद नेमका असा दिसतो. तारा नीट लावून पुन्हा पट्टी काढावी. आमच्या शेतकऱ्याचा अक्ष ठीक आहे.

चौथी पायरी अंतरांची, आणि हीच सर्वांत अधिक गाळली जाते. पी च्या आरंभापासून सुळक्याच्या आरंभापर्यंतचे अंतर तीन ते पाच लहान चौकोन असावे, म्हणजे ०.१२ ते ०.२० सेकंद. वरच्या कप्प्यांतून निघालेला संदेश मधल्या गाठीत थोडा थांबून खाली पोहोचण्यास लागणारा हा वेळ आहे. सुळक्याची रुंदी तीन लहान चौकोनांपेक्षा कमी असावी. सुळक्याच्या आरंभापासून टी च्या शेवटापर्यंतचे अंतर क्यूटी. ठोके संथ असले की ते आपोआप लांबते, म्हणून गतीचा हिशेब करूनच ते ठरवावे लागते. आमच्या उदाहरणात सुळका दोन चौकोनांचा आहे व क्यूटीही गतीच्या मानाने योग्य आहे. परंतु पी पासून सुळक्यापर्यंत सात लहान चौकोन भरतात. सात गुणिले ०.०४ म्हणजे ०.२८ सेकंद. संदेश पोहोचतो आहे, पण वाटेत अडखळतो आहे.

पाचवी पायरी लहरींची. पी चा आकार, सुळक्याआधीची खाली जाणारी रेघ, सुळका व टी यांमधला तुकडा आणि टी, असे एकेक पाहावे. त्या मधल्या तुकड्याला एसटी म्हणतात आणि तो पी आधीच्या सपाट रेघेच्या पातळीत असावयास हवा. आमच्या कागदावर लीड दोन, तीन व एव्हीएफमध्ये तो दोन-तीन लहान चौकोन वर उचललेला आहे. उलट लीड एक व एव्हीएलमध्ये तो खाली दबलेला आहे. शेजारच्या खिडक्यांत एकच खूण आणि समोरच्या खिडक्यांत तिची उलट छाया, ही जोडी दिसली की कागदातील साधा दोष म्हणून ती सोडून देता येत नाही.

आता पाचही पायऱ्यांचे निष्कर्ष एकत्र मांडू. गती ५०, ताल नियमित, अक्ष ठीक, पी ते सुळका हे अंतर वाढलेले आणि हृदयाच्या खालच्या भागाच्या खिडक्यांत एसटी उचललेले. हे पित्त नव्हे. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त पुरविणारी नळी बंद पडल्याची ही लक्षणे आहेत. बहुतेक माणसांत मधल्या गाठीलाही उजव्या बाजूच्या त्याच नळीकडून रक्त मिळते, म्हणून संदेश अडखळतो व गतीही मंदावते. ज्याने फक्त गती पाहिली त्याने माणसाला घरी पाठविले असते. ज्याने फक्त एसटी पाहिले त्याने रोग ओळखला असता, पण पुढे संदेश पुरता अडून ठोके आणखी मंदावू शकतात, ही सूचना त्याच्या नजरेतून सुटली असती. ठोके मंद करणारे औषध अशा माणसाला देणे घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना निरोप देताना "एसटी उचलले आहे" एवढेच न सांगता ५० ही गती व ०.२८ हे अंतरही सांगावे.

या कागदाची मर्यादाही जाणून असावे. झटक्याच्या पहिल्या तासात कार्डिओग्राम अगदी निर्दोष येऊ शकतो. माणूस घामाघूम असेल, दुखणे थांबत नसेल, तर एका चांगल्या कागदावर विसंबू नये. पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा पट्टी काढून दोन्ही शेजारी ठेवावी. रोगी थंडीने कुडकुडत असेल तर रेघ दातेरी होते. त्याला पांघरूण घालून, हात सैल सोडावयास सांगून पुन्हा काढावी.

शेवटी घरच्यांसाठी एक गोष्ट. मागचा कार्डिओग्राम फेकून देऊ नये. आमच्या उदाहरणातील माणसाच्या जुन्या कागदावर तेच अंतर चार चौकोन असेल, तर आजचे सात चौकोन नवे आहेत हे डॉक्टरांना क्षणात कळते. पुष्कळ यंत्रांचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, त्यामुळे उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला की काही काळाने कोरा पडतो. काढला त्याच आठवड्यात त्याची झेरॉक्स करावी, तिच्यावर तारीख व त्या वेळी काय होत होते ते लिहावे आणि ती रेशनकार्डाजवळ ठेवावी, म्हणजे रात्री निघावे लागले तरी हाताशी सापडेल.