यादी लांबते आहे, साथ ओसरते आहे

कोलकात्यात चित्तरंजन अॅव्हेन्यूवर स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन ही शंभर वर्षांहून जुनी संस्था आहे. एकेकाळी इथे काळा आजार आणि कुष्ठरोग यांवर संशोधन चालायचं. आज इथल्या एआरटी केंद्रात एचआयव्हीबाधितांना मोफत गोळ्या मिळतात. अशा केंद्राच्या नोंदवहीत एकदा नाव चढलं की ते उतरायच्या वाटा फार थोड्या असतात. रुग्ण दगावतो, दुसऱ्या केंद्रात बदलून जातो, नाहीतर यायचाच बंद होतो. ‘बरा झाला’ असा रकानाच या वहीत नाही, कारण या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, शरीरातून हाकलून देत नाहीत. त्यामुळे नवे रुग्ण दरवर्षी कमी येत असले तरी वही जाड होत जाते. मग कोणीतरी तिची बेरीज करतो आणि ‘एचआयव्हीचा विळखा वाढला’ असा मथळा छापून येतो.

नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये भारतात एचआयव्हीसह जगणारे 25.44 लाख लोक होते. त्याच अंदाजानुसार 2010 च्या तुलनेत वर्षाला होणाऱ्या नव्या लागणी सुमारे 44 टक्क्यांनी घटल्या आहेत. दोन्ही आकडे एकाच अहवालात सुखाने नांदतात, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. यंदा नव्याने किती जणांना लागण झाली, हा पहिला प्रश्न. साथरोगतज्ज्ञ त्याला इन्सिडन्स म्हणतात. आजच्या घडीला हा आजार अंगात घेऊन किती जण जगत आहेत, हा दुसरा. तो प्रिव्हलन्स. पहिल्यात फक्त येणारे मोजतात. दुसऱ्यात आलेले आणि अजून न गेलेले असे सगळे येतात, त्यामुळे लोक किती काळ जगतात याचा हिशेब त्यात आपोआप मिसळतो.

एक कल्पित शहर घेऊ. तिथे दरवर्षी 100 जणांना एचआयव्हीची लागण होते आणि औषध नसल्यामुळे प्रत्येक जण सरासरी 10 वर्षं जगतो. काही काळाने हिशेब स्थिरावतो: शहरात कोणत्याही दिवशी 1000 बाधित सापडतील, कारण वर्षाला 100 येतात आणि 100 मरतात. आता औषध आलं. पहिल्याच वर्षी मृत्यू 100 वरून 30 वर उतरले. वर्षअखेर बाधितांची संख्या 1070 झाली. प्रतिबंधाचं कामही जोरात होतं, म्हणून पुढच्या वर्षी नव्या लागणी 70 वर आल्या, मृत्यू 30 च राहिले. संख्या 1110 झाली. लागण जवळपास एक तृतीयांशाने घटली, तरी बाधित वाढले. हेच चालू राहिलं आणि औषधावरचा माणूस सरासरी 30 वर्षं जगू लागला, तर ही संख्या शेवटी 70 गुणिले 30, म्हणजे 2100 वर जाऊन थांबेल. तोवर बाधित माणसांचं सरासरी वयही वाढलेलं असेल आणि मृत्यूही पुन्हा वर्षाला 70 वर पोचलेले असतील.

नव्या लागणींचा दर गुणिले आजारासह जगण्याचा सरासरी काळ, हे सूत्र साथरोगशास्त्राच्या पहिल्या धड्यात असतं. ते नीट लागू पडतं ते सगळं स्थिर असताना आणि आजार तुलनेने विरळ असताना. साथ चढत असताना किंवा उपचार नुकतेच सुरू झालेले असताना ते आंधळेपणाने वापरलं तर फसवतं. औषध आलं म्हणून प्रिव्हलन्स एका रात्रीत दुप्पट होत नाही. न मेलेली माणसं वर्षामागून वर्ष साठत जातात.

याची उलटी बाजू जरा अंगावर येणारी आहे. मृत्यू वाढले की प्रिव्हलन्स ‘सुधारतो’. आणि तो वाढला म्हणून प्रतिबंध फसला, असंही म्हणता येत नाही. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत 1992 मध्ये डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने प्रतिबंधाचं काम सुरू झालं, तेव्हा तिथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत एचआयव्हीचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास होतं. कंडोमचा नियमित वापर तर शेकडा तीनच्या घरात होता. वस्तीतल्या बायकाच आरोग्यसेविका झाल्या, 1995 मध्ये त्यांची दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली, आणि 1998 पर्यंत कंडोमचा वापर नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला. तरीही तोवर एचआयव्हीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. त्याच दशकात मुंबईत हेच प्रमाण पन्नास टक्क्यांच्या पुढे गेलं होतं, म्हणून सोनागाछीचं नाव जगभर झालं. एक ते पाच ही वाढ पाहून कोणी तो कार्यक्रम फसला म्हणालं असतं तर?

अशा वस्तीत प्रिव्हलन्स वाचणं तसंही अवघड असतं. नव्या, अजून लागण न झालेल्या मुली आल्या की टक्का उतरतो. आजारी बाई गावी परतली किंवा मेली की तो पुन्हा उतरतो. लागणीचा वेग तसाच राहिला तरी टक्का हलतो. कार्यक्रमाचं खरं यश शोधायचं तर कंडोमचा वापर आणि गरमीसारख्या ताज्या गुप्तरोगांचं प्रमाण पाहावं लागतं. सोनागाछीत गरमीच्या चाचणीत पॉझिटिव्ह येणाऱ्यांचं प्रमाण त्याच काळात निम्म्याहून खाली आलं. गरमी औषधाने बरी होते, त्यामुळे तिचा साठा वर्षानुवर्षं साचत नाही आणि आकडा वर्तमानाच्या जवळ राहतो.

भारतात मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 पासून मिळू लागली. सुरुवातीला मान महाराष्ट्र, तमिळनाडू, मणिपूर अशा जास्त लागणीच्या सहा राज्यांचा आणि दिल्लीचा होता. तेव्हा सीडी4 पेशी 200 च्या खाली उतरल्या तरच औषध सुरू व्हायचं. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर सरकली आणि 2017 मध्ये पूर्णच गेली. निदान झालं की औषध. त्या वर्षी एआरटीच्या यादीत मोठी भर पडली. रोग पसरला म्हणून नव्हे, आधी दाराबाहेर थांबवलेले लोक आत घेतले म्हणून. एआरटी केंद्राची वही वाचताना हा बदल लक्षात ठेवला नाही तर 2017 नंतरची चढण भलतीच वाटेल.

इथवरच्या हिशेबात औषध म्हणजे फक्त आयुष्य वाढवणारी गोष्ट होती. एचआयव्हीत त्याला आणखी एक काम येतं. 2011 मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत नऊ देशांतली 1763 जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित, दुसरा नाही. पुणे आणि चेन्नई ही त्यातली आपली केंद्रं. बाधित जोडीदाराला लवकर औषध दिलं तेव्हा त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. म्हणजे तीच गोळी येणाऱ्यांची संख्या कमी करते आणि जाणाऱ्यांचीही. एकूण आकडा वर जाईल की खाली, हे या दोहोंत कोण जिंकतं त्यावर ठरतं.

माणूस लवकर बरा होत असेल तर गणित उलटं फिरतं. कोलकात्यातच कॅम्पबेल रुग्णालयात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामाइन शोधलं. त्याआधी काळा आजार झालेल्यांपैकी बहुतेक जण दगावत. औषधाने रुग्ण काही आठवड्यांत बरा होऊन यादीतून बाहेर पडू लागला. कुष्ठरोगात मात्र हे गणित सरकारी निकालावरही उमटलं. तिथे उपचार पूर्ण झाले की नाव वहीतून उतरतं. जास्त जंतू असलेल्यांचा उपचार 24 महिन्यांवरून 12 वर आणला गेला. वर्षाला येणारे नवे रुग्ण तितकेच राहिले तरी एवढ्यानेच त्यांची यादी निम्मी होते. डिसेंबर 2005 मध्ये भारतात दहा हजारांमागे 0.95 रुग्ण उरले, एकाच्या खाली, म्हणून निर्मूलन जाहीर झालं. नवे रुग्ण मात्र अजूनही वर्षाला लाखाच्या आसपास सापडतात. मला विचाराल तर ‘निर्मूलन’ ठरवायला प्रिव्हलन्स ही निवड मुळातच चुकीची होती.

मग लागण खरंच कमी होते आहे का, हे ओळखायचं कसं? प्रिव्हलन्स मोजणं सोपं: एकदा रक्त घ्या, पॉझिटिव्ह मोजा. नव्या लागणी थेट मोजायच्या तर हजारो निगेटिव्ह माणसांचा वर्षभर माग ठेवून पुन्हा तपासावं लागतं. म्हणून एक आडवाट वापरतात. ठरलेल्या प्रसूतिपूर्व दवाखान्यांत ठराविक काळाने सलग 400 गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने नावाशिवाय तपासले जातात. त्यातल्या 15 ते 24 वयाच्या मुली वेगळ्या काढून पाहिल्या की बरंच कळतं. वीस वर्षांच्या मुलीला लागण झाली असेल तर ती बहुधा गेल्या काही वर्षांतलीच. औषधावर पंधरा वर्षं काढलेल्यांची गर्दी या गटात नसते. या वयोगटाचा टक्का उतरत असेल तर साथ खरोखर ओसरते आहे असं मानायला आधार मिळतो.

नेहमी छापून येणारा ‘प्रौढांमधला 0.20 टक्के’ हा आकडाही जपून वाचावा. तो 15 ते 49 वयाचा आहे. औषधामुळे पन्नाशी ओलांडलेला माणूस त्यातून बाहेर पडतो, आजारासह जगत असला तरी. म्हणून हा टक्का उतरत असतानाच एकूण डोकी 25 लाखांवर राहू शकतात. शिवाय वेगवेगळ्या वर्षांच्या अहवालांतले आकडे शेजारी ठेवू नयेत, कारण दर फेरीत पद्धत सुधारते आणि मागची वर्षंही नव्याने मांडली जातात. 2007 मध्ये घरोघरच्या पाहणीची रक्ततपासणी हाती आली आणि भारताचा अंदाज पन्नास लाखांवरून एका फटक्यात पंचवीस लाखांवर आला. त्या दिवशी कोणी बरं झालं नव्हतं.

जगभरचे एड्सतज्ज्ञ म्हणून दोन गुणोत्तरं पाहतात. नव्या लागणी भागिले एकूण बाधित हे पहिलं. ते तीन टक्क्यांच्या खाली असेल तर, बाधित माणूस सुमारे तीस वर्षं जगतो असं धरून, साथ हळूहळू आटेल. 2023 मध्ये भारतात 68 हजारांच्या आसपास नव्या लागणी झाल्या, म्हणजे हे गुणोत्तर 2.7 टक्के. उत्तीर्ण. नव्या लागणी भागिले बाधितांचे मृत्यू हे दुसरं, आणि ते एकाच्या खाली यावं लागतं. एड्समुळे झालेले मृत्यू सुमारे 36 हजार होते, नव्या लागणींच्या जेमतेम निम्मे. इतर कारणांनी गेलेले त्यात मिळवल्यावरच हे माप पूर्ण होतं. पहिल्या गुणोत्तराने हिरवा कंदील दाखवला तरी दुसरं काही वर्षं अडून राहू शकतं, कारण औषधाने पुढे ढकललेले मृत्यू अजून यायचे आहेत. तोवर केंद्रांच्या वह्या जाड होत राहतील, आणि गोळ्यांची खरेदी आणि कर्मचारी यांची तरतूद त्या जाडीवरूनच करावी लागेल. प्रतिबंधाचा पैसा कुठे घालायचा हे मात्र त्या वीस वर्षांच्या मुलींच्या नमुन्यांवरून ठरवावं लागेल.