सातशे कोटींचं व्याज आणि तीनशे कोटींचा मोबदला

सोलापूर आणि मौदा इथल्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रांतली वीज महावितरण विकत घेते, तेव्हा तिला दोन वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे मोजावे लागतात. एक म्हणजे जळलेल्या कोळशाचे. दुसरे म्हणजे केंद्र उभं आहे, सज्ज आहे, मागाल तेव्हा वीज देईल, याचे. या दुसऱ्या रकमेला क्षमता शुल्क म्हणतात. ते कसं ठरवायचं याचे नियम केंद्रीय वीज नियामक आयोग करतो आणि त्या नियमांत एक ओळ अशी आहे, जिच्यापाशी मी दर वेळी थबकतो. औष्णिक केंद्राच्या भागभांडवलावर वर्षाला १५.५ टक्के परतावा द्यावा, असं तिथे चक्क आकड्यात लिहिलेलं आहे.

यात थबकण्यासारखं काय आहे? कर्जाचा खर्च कुठल्याही कंपनीच्या हिशेबात उघड दिसतो. व्याजाची रक्कम नफा-तोट्याच्या पत्रकात छापलेली असते. भागधारकांनी घातलेल्या पैशाचा खर्च मात्र कुठेच दिसत नाही. त्याची नोंद नसते, पावती नसते, हप्ता चुकल्याची नोटीस येत नाही. अर्थशास्त्राचे अभ्यासक ज्या आकड्याचा अंदाज बांधत आयुष्य घालवतात, तो इथे सरकारी नियमात लिहिलेला सापडतो. आणि तो हाताशी धरून हिशेब केला की एक विलक्षण गोष्ट दिसते.

समजा, एक केंद्र उभारायला १००० कोटी रुपये लागले. नियमानुसार दर ठरवताना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल असं प्रमाण धरलं जातं. म्हणजे ७०० कोटी बँकांचे, ३०० कोटी मालकांचे. कर्जाचा दर ९ टक्के मानू. पहिल्या वर्षाचं व्याज झालं ६३ कोटी. आता मालकांचा वाटा. ३०० कोटींवर १५.५ टक्के म्हणजे ४६.५ कोटी. पण हे पैसे नफ्यातून द्यायचे आणि नफ्यावर कर भरायचा. २५.१७ टक्क्यांचा कंपनी कर भरून हातात ४६.५ कोटी उरायला हवे असतील, तर आधी ६२ कोटींहून थोडे जास्त कमवावे लागतात. नियामक आयोगाचे नियमही हेच करतात. १५.५ हा दर कराच्या प्रमाणात वाढवून घेतात आणि तो २०.७ टक्क्यांच्या घरात जातो.

म्हणजे पाहा, ७०० कोटींच्या कर्जाला ६३ कोटी लागले आणि ३०० कोटींच्या भागभांडवलाला ६२ कोटी! निम्म्याहूनही कमी पैसा, पण ग्राहकाच्या खिशातून जवळजवळ तेवढीच रक्कम.

दोन्हींची बेरीज १२५ कोटी, म्हणजे एकूण भांडवलाच्या साडेबारा टक्के. हाच भांडवलाचा भारित सरासरी खर्च, करपूर्व पद्धतीने मोजलेला. प्रत्येक प्रकारच्या पैशाचा दर घ्यायचा, एकूण भांडवलात त्या पैशाचा जेवढा वाटा, तेवढ्याने गुणायचा आणि बेरीज करायची. पुस्तकांत तो बहुधा करोत्तर देतात. व्याजावर कर वाचतो म्हणून कर्जाचा ९ टक्के दर ६.७ धरतात, भागभांडवलाचे १५.५ तसेच ठेवतात आणि उत्तर ९.४ टक्क्यांच्या आसपास येतं. वाट वेगळी, गोष्ट तीच.

त्या नियमांत आणखी एक तरतूद आहे आणि मला ती फार बोलकी वाटते. एखाद्या कंपनीने ३० टक्क्यांऐवजी ४० टक्के स्वतःचे पैसे घातले, तर वरच्या १० टक्क्यांना भागभांडवलाचा परतावा मिळत नाही. ते कर्जच आहे असं मानून त्यावर फक्त व्याजाचा दर दिला जातो. मालक स्वतःच्या खिशातून जास्त घालायला तयार आहे, तरी आयोग त्याला रोखतो. कारण मालकाचा प्रत्येक जास्तीचा रुपया ग्राहकाला महाग पडतो.

मग हा पैसा इतका महाग का? आपल्याकडे सर्वसाधारण समज अगदी उलटा असतो. शेअर विकून आणलेला पैसा परत करायचा नाही, त्याला हप्ता नाही, तारण नाही, लाभांश दिला तर दिला, म्हणजे तो जवळजवळ फुकटच. गंमत म्हणजे तो महाग असण्याचं कारण नेमकं हेच आहे. कंपनीला ज्या ज्या गोष्टीची सवलत मिळते, ती प्रत्येक सवलत पैसे देणाऱ्याला जोखीम म्हणून सोसावी लागते.

ही जोखीम किती खरी आहे हे कंपनी बुडाल्यावर कळतं. नादारी कायद्याच्या ५३व्या कलमात पैसे वाटण्याचा क्रम दिला आहे. त्यात तारण असलेले धनको वर, बिनतारणी कर्ज देणारे त्यांच्या खाली आणि सामान्य भागधारक सर्वांत शेवटी. मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या बाबतीत २०२१ साली हे सर्वांना दिसलं. पिरामल समूहाने ती घेतली, कर्ज देणाऱ्यांना आपापल्या वर्गानुसार काही हिस्सा परत मिळाला, कुणाला जास्त, कुणाला फारच थोडा. भागधारकांना काहीच मिळालं नाही. कंपनीचे शेअर बाजारातून काढून टाकले गेले आणि त्यांची किंमत शून्य धरली गेली. रांगेत शेवटी उभं राहणाऱ्याने जास्त मोबदला मागावा, यात हावरेपणा नाही.

पण कंपनी बुडायची वाट पाहायची गरज नाही. रोजच्या व्यवहारातही ही जोखीम मोजता येते आणि इथून पुढचा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

वीज दराचं संरक्षण नसलेला एक कारखाना घेऊ. १००० कोटींचा. कर सध्या बाजूला ठेवू. व्याजाआधीची कमाई बऱ्या वर्षी १२० कोटी, वाईट वर्षी ६० आणि उत्तम वर्षी १८०. सगळे पैसे भागधारकांचे असतील तर त्यांचा परतावा ६ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान हलतो, सरासरी १२. आता त्याच कारखान्यात ७०० कोटी ९ टक्क्यांच्या कर्जाचे आणून बसवा. ६३ कोटी व्याज आधी द्यायचं, उरेल ते ३०० कोटींच्या मालकांचं. बऱ्या वर्षी ५७ कोटी उरतात, म्हणजे १९ टक्के. उत्तम वर्षी ११७ कोटी, म्हणजे ३९ टक्के. आणि वाईट वर्षी व्याजालाच ३ कोटी कमी पडतात.

यंत्रं तीच, कामगार तेच, मालाचा भाव तोच. तरी भागधारकाचं वर्ष ६ ते १८ च्या पट्ट्यातून उचलून उणे १ ते ३९ च्या पट्ट्यात फेकलं गेलं. बँकेला तिन्ही वर्षी ६३ कोटीच हवेत. तिला या चढउताराचा स्पर्शही नको आहे. तिने टाळलेला सगळा हेलकावा उरलेल्या ३०० कोटींवर येऊन आदळतो. म्हणून त्या ३०० कोटींचे मालक आता १२ टक्क्यांवर समाधान मानणार नाहीत, १९ मागतील. आणि सरासरी काढून पाहा. कर्जाचे ७० टक्के गुणिले ९ म्हणजे ६.३, भागभांडवलाचे ३० टक्के गुणिले १९ म्हणजे ५.७. बेरीज १२! जिथून निघालो तिथेच.

हे १९५८ साली फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या दोघांनी सिद्ध केलं. दोघंही तेव्हा अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत शिकवत होते. स्वस्त कर्ज मिसळलं की सरासरी खर्च आपोआप खाली येतो, हे तोवर बहुतेकांना उघड सत्य वाटे. त्यांनी दाखवलं की कर नसेल, बाजार सुरळीत असेल, तर स्वस्त कर्जाने जे वाचतं, तेच भागभांडवल महाग होऊन परत जातं. कारखान्याची जोखीम कारखान्यात असते. ती कुणी किती उचलायची एवढंच कागदावर ठरतं.

मग कंपन्या कर्ज घेतात कशाला? याचं एक मोठं उत्तर त्यांनीच १९६३ मध्ये नीट मांडलं, आणि ते म्हणजे कर. व्याज हा खर्च धरला जातो, त्यामुळे करपात्र नफा कमी होतो. लाभांशाला ती सोय नाही. आपल्या ६३ कोटींच्या व्याजावर वर्षाला जवळपास १६ कोटी कर वाचतो. सरासरी खर्च खरोखर खाली येतो तो इथे. तरी सगळंच कर्जावर उभं करता येत नाही. वाईट वर्षाचे ते ३ कोटी आठवा. अशी दोन वर्षं लागोपाठ आली की बँक पुढचं कर्ज महाग करते, पुरवठादार रोख मागतात, चांगले अभियंते दुसरीकडे जातात. वाचलेल्या करापेक्षा हे नुकसान कुठल्या टप्प्यावर मोठं होतं, याचं नेमकं सूत्र नाही. म्हणूनच बँक अधिकारी प्रकल्प अहवाल उघडला की आधी प्रवर्तकाचा हिस्सा किती, मार्जिन मनी कुठून येणार, हे पाहतो.

भागभांडवलालाही खर्च असतो हे न कळल्यामुळे होणारी चूक फार सर्रास दिसते. ‘कर्ज ९ टक्क्यांनी मिळतंय, नव्या यंत्रातून १० टक्के सुटतायत, मग घ्या.’ वरच्याच कारखान्याने १०० कोटींचं असं यंत्र घेतलं, तर वर्षाला १० कोटी मिळतील. सगळी रक्कम कर्जाने आणली तर ९ कोटी व्याज जाऊन एक कोटी सुटल्यासारखा दिसतो. पण ते कर्ज ९ टक्क्यांनी मिळालं, कारण मागे भागधारकांची उशी होती. ती या यंत्राने वापरून टाकली, पुढच्या यंत्राला ती उरणार नाही. म्हणून नेहमीच्याच प्रमाणात मोजा. ७० कोटींवर ६.३ कोटी व्याज, उरले ३.७ कोटी आणि मालकांचे गुंतले ३० कोटी. म्हणजे सुमारे सव्वाबारा टक्के. त्यांना हवे होते १९. यंत्र नफ्यात दिसत राहतं आणि मालक गरीब होत जातो. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. प्रकल्पाच्या परताव्याची तुलना कुणी नुसत्या व्याजदराशी करत असेल, तर तीस टक्के पैशाचा खर्च हिशेबातून गळला आहे.

नियामकाने आकडा लिहून दिलेला नसतो, तिथे भागभांडवलाचा खर्च बाजारातून अजमावतात. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर घ्यायचा आणि त्यावर जोखमीचा अधिभार चढवायचा. एकूण बाजार हलला की हा शेअर किती हलतो, हे पाहून तो अधिभार कमी-जास्त करायचा. हा अंदाजच असतो. दोन जाणती माणसं एकाच कंपनीसाठी दोन टक्क्यांच्या अंतरावरचे आकडे काढतात आणि दोघंही आपलं म्हणणं नीट समजावून सांगू शकतात.

वीज आयोगालाही हा वाद चुकलेला नाही. दर ठरवूनच मिळणार असेल, तर १५.५ टक्के मागण्याइतकी जोखीम उरते का, हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते तो विचारत राहायला हवा. २०२४ च्या नियमांत औष्णिक केंद्रांचा दर तसाच राहिला, पण १ एप्रिल २०२४ नंतर सुरू होणाऱ्या पारेषण वाहिन्यांसाठी तो १५ टक्के केला गेला. वाहिनीला कोळसा लागत नाही, राख टाकायला जागा लागत नाही, तिच्या कमाईत हेलकावे कमी. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. १००० कोटींच्या वाहिनीत भागभांडवल ३०० कोटी धरलं, तर कर धरून तो वर्षाला दोन कोटी रुपये होतो, आणि वाहिनी काही दशकं उभी असते.